यवतमाळच्या कूलर विक्रेत्याला: आधी मेकॅनिक मोजा, मग पत्रक छापा

प्रश्न: आमचं यवतमाळला कूलरचं दुकान आहे. गेल्या उन्हाळ्यात साडेपाचशे कूलर विकले, यंदा सहाशेचं ध्येय आहे. ऑनलाइनवाले आमच्यापेक्षा स्वस्त देतात. जाहिरातीला दीड लाख ठेवलेत, दोन मेकॅनिक आहेत. 'सगळ्यात स्वस्त' म्हणावं, 'वीज वाचवा' म्हणावं की 'तत्पर सेवा' म्हणावं? तिन्ही लिहिलं की पत्रकाची खिचडी होते.

उत्तर:

गेली वीस-बावीस वर्षं मी विदर्भ-मराठवाड्यातल्या कूलर, पंखे आणि पंप विकणाऱ्या दुकानांच्या जाहिरातींचं काम करतो. माझं मत आधी सांगतो. तिन्ही गोष्टी सांगायच्या, पण तिघींची जागा वेगळी. सेवा पत्रकाच्या डोक्यावर, किंमत तिच्या खाली आणि विजेची बचत दुकानाच्या काउंटरवर. आणि सेवेचं वाक्य लिहिण्याआधी कागद-पेन घेऊन बसायचं, कारण या तिघींत दिल्यानंतर रोज खर्च मागणारं वचन तेवढं एकच आहे. सूट एकदा दिली की संपते. विजेचा आकडा कूलरच्या मोटारीवर ठरतो, त्यात तुम्हाला नंतर काही करावं लागत नाही. 'तक्रार केली की माणूस येईल' हे मात्र मे महिन्याच्या भर दुपारी पाळावं लागतं.

हे मला चटका बसून कळलं. मराठवाड्यातल्या एका दुकानासाठी मी 'दोन तासांत सर्व्हिस' असं मोठ्या अक्षरात लिहून दिलं होतं. एप्रिलमध्ये विक्री छान झाली. नवतपा लागला तेव्हा रोज तीसेक तक्रारी आणि फिरणारा मेकॅनिक एकच. लोक बंद पडलेला पंप पिशवीत घालून दुकानात येऊन बसायला लागले आणि नवीन कूलर बघायला आलेली माणसं ते ऐकून परत जायला लागली. चूक माझी होती. मी दुकानदाराला मेकॅनिक किती, हे विचारलंच नव्हतं.

तर तुमचा हिशेब मांडू. मी धरलेल्या आकड्यांच्या जागी तुम्ही तुमच्या तक्रारवहीतले आकडे घाला. वही नसेल तर आजच सुरू करा.

यंदाचे सहाशे कूलर आणि आधीच्या दोन वर्षांतले, अजूनही लोक तुम्हालाच फोन करतात असे हजार, म्हणजे सोळाशे कूलर तुमच्या माथ्यावर आहेत. हंगामात चारांपैकी एकाची तक्रार येते असं धरलं तर चारशे तक्रारी होतात. त्या सारख्या पसरत नाहीत. निम्म्या तरी १० ते ३० मेच्या वीस दिवसांत येतात, कारण तेव्हा कूलर दिवसरात्र चालतो, पाण्यातला क्षार पंपाच्या जाळीत बसतो आणि टाकी रिकामी असताना चालू राहिलेले पंप जळतात. वीस दिवसांत दोनशे, म्हणजे रोज दहा. याच दिवसांत तुम्ही नवे दीडशेएक कूलर विकणार, म्हणजे रोज सात-आठ ठिकाणी फिटिंगलाही जायचं. सरासरी झाली अठरा फेऱ्यांची. एक मेकॅनिक दिवसाला आठ घरं नीट करू शकतो, त्याहून जास्त केली तर तो झाकण उघडून फक्त बघून येतो. दोघांच्या सोळा झाल्या. म्हणजे तुमची सध्याची माणसं सरासरी दिवसालाही पुरत नाहीत आणि वाईट दिवस तर सरासरीच्या दीडपट असतो.

म्हणून पहिला निर्णय: दीड लाखातले चाळीस हजार जाहिरातीतून काढा आणि २० एप्रिल ते ८ जून या पन्नास दिवसांसाठी तिसरा माणूस ठेवा. रोजाचे आठशे धरले तर बरोबर तेवढेच लागतात. तो पक्का मेकॅनिक नसला तरी चालेल. फिटिंग, स्टँड लावणं आणि पॅड बदलणं त्याच्याकडे द्या, मोटार आणि वायरिंग जुन्या दोघांकडे राहू द्या. आता क्षमता रोज चोवीस फेऱ्यांची झाली. वाईट दिवशी सत्तावीस-अठ्ठावीस आल्या तरी तीन-चार दुसऱ्या दिवसावर जातील आणि तिथे त्या निघतील. यातून जाहिरातीचं वाक्य आपोआप मिळतं: 'दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत माणूस घरी.' 'त्याच दिवशी' लिहिण्याचा मोह आवरा, कारण हिशेब तेवढं देत नाही. 'लवकरात लवकर' असंही नको, कारण त्यात पाळण्यासारखं काही नाही आणि ग्राहकालाही ते कळतं.

हद्दही ठरवावी लागेल. शहर आणि आसपासचे दहा किलोमीटर यांना दुसरा दिवस. त्यापलीकडच्या गावांना आठवड्यातला ठरलेला वार द्या: दारव्ह्याच्या रस्त्याची गावं मंगळवारी, घाटंजीच्या बाजूची शुक्रवारी, असं. गावातल्या माणसाला 'मंगळवारी येतो' आणि मंगळवारी आला, हे चालतं. 'उद्या येतो' म्हणून चार दिवस वाट बघायला लावलेलं चालत नाही.

यावर आणखी एक वचन मला फार मोलाचं वाटतं, ते म्हणजे बदली कूलर. मेकॅनिक घरी गेला, मोटार जळालेली निघाली, सुटा भाग कंपनीकडून यायला चार दिवस लागणार. त्या घरात म्हातारी माणसं आहेत, लहान बाळ आहे आणि बाहेर ४४ अंश. त्यांना तोवरचा कूलर तुम्ही दिलात तर ते घर तुमचं झालं. याचाही हिशेब होतो. दिवसाच्या वीस फेऱ्यांत दोन ठिकाणी भाग नसल्याने काम अडतं असं धरा. प्रत्येकी चार दिवस म्हणजे एका वेळी आठ कूलर बाहेर. दहा ठेवले की भागतं. हे दहा एक्सचेंजमध्ये आलेल्या जुन्यांतून तयार करा, पण फक्त प्लास्टिक बॉडीचे. लोखंडी बॉडीचा जुना कूलर कुणाच्या घरी उसना देऊ नका.

हे का, ते नीट सांगतो, कारण आपल्याकडे कूलरचा शॉक लागून दर उन्हाळ्यात माणसं जातात आणि त्यात मुलं असतात. लोखंडी पत्रा, आतून ओल, पंपाची सोललेली वायर, खाली पाणी सांडलेली फरशी, आणि घरात अर्थिंग एक तर नाहीच किंवा तिसरी पिन कापून टाकलेली. पाणी भरताना कूलर चालूच ठेवण्याची सवय बहुतेक घरांत आहे. म्हणून तुमच्या फिटिंगमध्ये अर्थिंगची तपासणी असलीच पाहिजे. मेकॅनिकने सॉकेटला टेस्ट लॅम्प लावायचा. फेज आणि अर्थ यांमध्ये दिवा पूर्ण उजेडात लागला नाही तर अर्थिंग ठीक नाही, असं ग्राहकाला तोंडावर सांगायचं आणि बिलावर लिहायचं. दिवा नीट लागला म्हणून सगळं सुरक्षित झालं असं मात्र नाही. घरात गळतीला तुटणारा आरसीसीबी असला तर उत्तम, नसेल तर बसवायला सांगा. 'पाणी भरताना प्लग काढा' हे स्टिकर टाकीच्या तोंडाशी चिकटवा. ऑनलाइन आलेल्या खोक्यासोबत हे येत नाही, आणि ते पत्रकावर लिहायला तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

आता किंमत. समजा तुमचा सर्वांत जास्त खपणारा ६५ लिटरचा कूलर साडेनऊ हजारांच्या आसपास जातो आणि त्यावर तुम्हाला बाराशे सुटतात. जाहिरात आणि तिसरा माणूस मिळून दीड लाख, सहाशे कूलरवर वाटले की कूलरमागे २५०. फिटिंगची फेरी, पेट्रोल, पंप-कॅपॅसिटरसारखे किरकोळ भाग आणि बदली कूलरची देखभाल यांचे २०० धरा. उरले ७५०. त्यातून दुकानाचं भाडं, पगार आणि माल भरायला काढलेल्या कर्जाचं व्याज.

ऑनलाइनच्या बरोबरीला येण्यासाठी तुम्ही पाचशेची सूट दिली तर उरतात २५०. सहाशे कूलरवर साडेचार लाख उरणार होते, ते दीड लाखावर आले. वरचा दीड लाखाचा खर्च तेवढाच राहील असं धरलं तरी तेच साडेचार लाख पुन्हा कमवायला तुम्हाला दुप्पट, म्हणजे बाराशे कूलर विकावे लागतील. तितके विकले तर सेवेचा वर मांडलेला हिशेब कोसळतो, कारण बाराशे नव्या घरांना तीन माणसं पुरत नाहीत. सगळ्यात स्वस्त दर आणि दुसऱ्या दिवशी सेवा ही दोन वचनं एका दुकानाला एकत्र परवडत नाहीत, हे इथे आकड्यातच दिसतं.

म्हणून किंमत कमी दाखवण्याऐवजी पूर्ण दाखवा. ऑनलाइनच्या आकड्यात कूलर खोक्यात दारापर्यंत येतो. खिडकीत बसवणं, स्टँड, पॅड बसवणं आणि अर्थिंग बघणं हे ग्राहक नंतर कुणाला तरी बोलावून पैसे देऊन करतो. तुमच्या पत्रकावर एकच आकडा असावा आणि त्यात काय काय आलं ते त्याच्याच खाली, तितक्याच वाचता येणाऱ्या अक्षरांत असावं. 'एमआरपीवर ४० टक्के सूट' असलं काही लिहू नका. एमआरपीला कूलर कोणी विकतच नाही, तर ती सूट कसली?

सूट द्यायचीच तर ती वेळेला द्या. पाडव्याआधी कूलर घेणारा माणूस तुमचं मोठं काम हलकं करतो. त्याची फिटिंग मेमध्ये येत नाही आणि तुमचे पैसे लवकर मोकळे होतात. त्याला तीनशे कमी करणं न्यायाचं आहे. कंपन्या जानेवारी-फेब्रुवारीत आगाऊ माल उचलण्यावर जी स्कीम देतात तिच्यातूनच हे तीनशे काढा, म्हणजे तुमच्या बाराशेला हात लागत नाही. पाडव्यानंतर दर पूर्ववत. अक्षय्य तृतीयेला लग्नाचे आहेर म्हणून कूलर जातात, तिथे सूट न देता ट्रॉली किंवा मोफत पोहोच पुरते. मेच्या दुसऱ्या आठवड्यानंतर किमतीची जाहिरातच बंद करा. त्या दिवसांत येणारा माणूस दर विचारायच्या आधी 'आज लावून मिळेल का' हे विचारतो.

कायद्याची बाजूही इथेच सांगतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. त्यांतल्या दोन गोष्टी थेट तुमच्या पत्रकाला लागू होतात. आमिष म्हणून कमी दर छापला तर त्या दराचा पुरेसा साठा असला पाहिजे, साठा मर्यादित असेल तर तसं स्पष्ट लिहिलं पाहिजे. आणि जाहिरात मराठीत असेल तर तिच्या अटीही मराठीतच, वाचता येतील अशा हव्यात. तळाशी बारीक इंग्रजीत 'अटी लागू' हे चालणार नाही. अट सांगायला लाज वाटत असेल तर ती ऑफरच बदला.

तिसरी गोष्ट वीज. इथे बहुतेक पत्रकं खोटी पडतात, मुद्दाम नव्हे, हिशेब न केल्यामुळे. साधी मोटार असलेला मोठा कूलर पंपासकट साधारण २०० वॅट घेतो. रोज दहा तास चालला तर दोन युनिट. हंगाम शंभर दिवसांचा धरला तर दोनशे युनिट. बीएलडीसी मोटारीचा तशाच आकाराचा कूलर १०० वॅटच्या आसपास घेत असेल तर शंभर युनिट. वाचले शंभर युनिट, दहा रुपये दराने हजार रुपये. दोन्हींच्या किमतीत तीन हजारांचा फरक असेल तर तो तीन उन्हाळ्यांत निघतो. हा चांगला सौदा आहे, पण 'वीजबिल अर्धं' मात्र नाही. अर्धा होतो तो कूलरचा वाटा, बिलात फ्रिज, पंखे आणि बोअरची मोटारही असते. 'वीजबिल अर्धं' वाचून घेतलेल्या माणसाच्या हातात जूनमध्ये बिल येतं तेव्हा तो सेवेच्या वचनावरचाही विश्वास सोडतो.

युनिटचा दर ग्राहकाच्या स्वतःच्या बिलावरून घ्या. महावितरणच्या घरगुती बिलात १०० आणि ३०० युनिटांशी टप्पे बदलतात. एरवी नव्वद युनिटांत राहणारं घर कूलरच्या साठ युनिटांमुळे दुसऱ्या टप्प्यात जातं, आणि त्याची शंभराच्या वरची युनिटं महाग दराची असतात. म्हणून बचतीचा आकडा प्रत्येक घराला वेगळा येतो, आणि म्हणूनच मी तो पत्रकावर छापत नाही, काउंटरवर काढून देतो. प्लगमध्ये लावायचा वॅट-मीटर दुकानात ठेवा. दोन कूलर शेजारी चालू करा आणि ग्राहकाला आकडा स्वतः वाचू द्या. मग गती कमी करून दाखवा. साध्या मोटारीत मंद गतीला वॅट थोडेच उतरतात, बीएलडीसीत ते झपाट्याने खाली येतात. रात्रभर मंद गतीवर कूलर लावणाऱ्या घराला ही गोष्ट समजली की तीन हजारांचं समाधान तिथेच होतं. मीटर दोन्हींमध्ये फारसा फरक दाखवत नसेल तर ते मॉडेल 'वीज वाचवणारं' म्हणून विकू नका, खोक्यावर काहीही छापलेलं असो.

खेड्यातल्या ग्राहकाला बिलापेक्षा भारनियमनाची काळजी जास्त असते. दीडशे अँपिअर-तासाच्या एका बॅटरीवर २०० वॅटचा कूलर पाचेक तास चालेल, १०० वॅटचा त्याच्या जवळजवळ दुप्पट, आणि बॅटरी जुनी असेल तर दोन्ही कमी. त्याच्या घरचा इन्व्हर्टर साध्या स्क्वेअर वेव्हचा असेल तर साधी मोटार घुमते आणि तापते, हेही आधीच विचारून सांगा. 'रात्रभर इन्व्हर्टरवर' हे वाक्य मी त्या ग्राहकासाठी जपून ठेवतो ज्याच्याकडे बॅटरी चांगली आहे.

एसीशी तुलना मी करत नाही, तुम्हीही करू नका. कूलर हवा थंड करतो तो पाण्याच्या वाफेने, आणि किती थंड करील हे हवेच्या कोरडेपणावर ठरतं. बाहेर ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असली, जशी आपल्याकडे मेच्या दुपारी असते, तर चांगल्या भिजलेल्या पॅडमधून २८ अंशांच्या आसपासची हवा मिळते. सोळा अंशांचा फरक, म्हणून विदर्भात कूलर चालतो. पाऊस पडल्यावर बाहेर ३३ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असली तर तोच कूलर २९ अंशांची दमट हवा देतो. कूलर तोच, पॅड तेच, पण जूनच्या तिसऱ्या आठवड्यात फोन येतो, 'थंडच होत नाही, चिकचिक होते.' तुम्ही 'एसीसारखा गारवा' लिहिलं असेल तर ही तक्रार रास्त आहे. म्हणून विकतानाच सांगायचं की पाऊस सुरू झाला की पंप बंद करून नुसता पंखा चालवा, आणि कूलर चालू असताना समोरची खिडकी किंवा दार थोडं उघडं ठेवा. बंद खोलीत ओल साठते आणि कोरड्या मेमध्येही कूलर हरतो. 'थंड होत नाही' म्हणून येणाऱ्या फोनांपैकी बरेच फोन दार उघडायला सांगितलं की मिटतात.

पाण्याचंही खरं सांगा. मोठा कूलर भर दुपारी तासाला पंधरा-वीस लिटर पाणी उडवतो, म्हणजे ६५ लिटरची टाकी दुपारभरही पुरत नाही. नळाला चार दिवसांआड पाणी येणाऱ्या घराला छोट्या खोलीचा छोटा कूलर द्या, जरी त्यात तुम्हाला कमी सुटत असलं तरी. त्या घरात मोठा कूलर रिकाम्या टाकीवर चालणार, पंप जळणार आणि ती तुमचीच फेरी होणार.

उरलेल्या एक लाख दहा हजारांचं काय करायचं? पहिला तुकडा फेब्रुवारीच्या मध्यापासून पाडव्यापर्यंत जुन्या कूलरच्या सर्व्हिसिंगवर खर्च करा. नव्या विक्रीची जाहिरात तेव्हा करूच नका. 'माळ्यावरचा कूलर काढण्याआधी आम्हाला बोलवा, २९९ रुपयांत साफसफाई, पंप आणि वायर तपासणी, पॅडचा खर्च वेगळा.' आधीच्या हजार ग्राहकांना हे व्हॉट्सॲपवर पाठवायला पैसे लागत नाहीत. मेकॅनिकांना त्या दिवसांत काम कमीच असतं. तो घरी गेला की वहीत पाच गोष्टी लिहून आणेल: कूलर किती जुना, पत्रा गंजला का, खोली केवढी, खिडकी कुठली, अर्थिंग आहे का. ज्यांच्या कूलरच्या तळाला भोकं पडलीत त्यांची यादी हीच तुमची खरी ग्राहकयादी आहे. आणि फेब्रुवारीत साफ केलेला पंप मेमध्ये सहसा फोन करायला लावत नाही. हा पैसा विक्रीही आणतो आणि नवतप्याचा भारही उतरवतो, म्हणून मी तो सगळ्यात आधी खर्च करतो.

मोठा तुकडा, साठ हजारांच्या आसपास, पाडवा ते अक्षय्य तृतीया या काळात वर्तमानपत्रातून जाणारी पत्रकं आणि गावोगावच्या बाजारात फिरणारी रिक्षा यांवर. रिक्षाची रेकॉर्डिंग वऱ्हाडी बोलीत, एका मिनिटाच्या आत, एकच वचन सांगणारी असावी. उरलेले मेसाठी हातात ठेवा, कदाचित लागणारही नाहीत.

पत्रकाचा मजकूर मी असा लिहीन:

'कूलर बंद पडला? दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत आमचा माणूस तुमच्या घरी. यवतमाळ शहर आणि दहा किलोमीटरपर्यंत. पलीकडच्या गावांना आठवड्याचा ठरलेला वार. सुटा भाग यायला वेळ लागला तर तोवर बदली कूलर, भाडं नाही. हे यंदा आमच्याकडून घेतलेल्या प्रत्येक कूलरला, ३० जूनपर्यंत. कंपनीची वॉरंटी याशिवाय, कार्डावर लिहिल्याप्रमाणे.

६५ लिटरचा कूलर ९,४५० रुपये. यात घरपोच, फिटिंग आणि अर्थिंग तपासणी आली.

कूलर किती वीज खातो? विजेचं बिल घेऊन या, मीटर लावून दाखवतो.'

बघा, तिन्ही गोष्टी आल्या, पण खिचडी झाली नाही, कारण तिसरी ओळ वचन देत नाही, बोलावणं देते. आणि बिल घेऊन आलेला माणूस अर्धा विकत घ्यायलाच आलेला असतो. 'कंपनीची वॉरंटी याशिवाय' ही ओळ गाळू नका. दुकानाचं वचन आणि कंपनीचं वचन ग्राहकाच्या डोक्यात एक होतात, आणि मग पॅड कुजलं की तो तुम्हाला वॉरंटी विचारतो. पॅड बहुतेक वॉरंट्यांत येत नाहीत, ते विकतानाच सांगून बिलावर त्याची सही घ्या.

मोहीम बिघडते आहे हे विक्रीच्या आकड्यावर दिसत नाही, कारण विक्री तेव्हा वाढतच असते. ते दिसतं रात्री नऊला तक्रारवहीत. दुकान बंद करताना न गेलेल्या फेऱ्या मोजा. पाच-सहा असतील तर ठीक. सलग दोन रात्री बारापेक्षा जास्त असतील तर दुसऱ्या दिवसाचं वचन मोडायला लागलं आहे. त्या क्षणी रिक्षा थांबवा, मेसाठी राखलेल्या पैशांतून चौथा माणूस दहा दिवसांसाठी घ्या, आणि रांगेतल्या प्रत्येकाला सकाळी दहाच्या आत स्वतः फोन करून खरी वेळ सांगा. तक्रारीच्या नोंदीत कारणही लिहा: पंप, फ्लोट, मोटार, वायर, की फक्त दार बंद होतं. एका मॉडेलच्या पंपाच्या तक्रारी बाकीच्यांच्या दुप्पट दिसल्या तर ते मॉडेल पुढच्या जानेवारीत कंपनीची स्कीम कितीही चांगली असली तरी उचलू नका, आणि त्या पंपाचे चाळीस नग एप्रिलमध्येच दुकानात आणून ठेवा. मेच्या शेवटच्या आठवड्यात नागपुरातही ते मिळेलच असं नसतं.